वयोगटानुसार बालकथालेखन : वाचनपातळी आणि आवड यांचा मेळ

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• मराठी मजकूर मुलांना कोणत्या भाषिक कारणांनी अवघड जातो, हे सांगता येईल.
• एकच कथाप्रसंग तीन वयोगटांसाठी वेगवेगळ्या रीतीने लिहिता येईल.
• वय आणि वाचनपातळी यांत अंतर असलेल्या मुलासाठी कथा कशी लिहावी, हे समजेल.
• आपल्या मसुद्याची मुलांसमोर चाचणी घेऊन त्यात दुरुस्ती करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, बालकथा लिहिणाऱ्यापुढे नेहमी दोन प्रश्न उभे असतात. हे मूल काय वाचू शकेल, हा पहिला; आणि त्याला काय वाचावेसे वाटेल, हा दुसरा. पहिला प्रश्न वाचनपातळीचा आहे, दुसरा आवडीचा. बहुतेक वेळा आपण या दोहोंना ‘वय’ या एकाच शब्दात गुंडाळतो आणि तेथेच चूक होते. आवड वयाबरोबर बदलत जाते. वाचनपातळी मात्र मुलाला किती आणि कसे वाचायला मिळाले यावर ठरते. म्हणून या दोन गोष्टी लेखकाने वेगवेगळ्या मोजाव्यात आणि मग त्यांचा मेळ घालावा, असे या घटकाचे प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी आपण सेवाग्रामचा परिसर आणि तेथील एक साधा प्रसंग घेणार आहोत. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ची योजना पुढे आली. सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती व्हावे, हा तिचा गाभा होता. कापूस पिकवणाऱ्या या प्रदेशात सूतकताई हा हस्तोद्योग साहजिकच पुढे आला. या शिक्षणविचाराची चर्चा आपण अन्यत्र केली आहे. येथे तिच्यातील एकच सूत्र कथालेखकाच्या उपयोगाचे आहे : जे मुलाच्या हातात आहे, त्याचा शब्द मुलाला अवघड जात नाही. ज्याने टकळी फिरवली आहे, त्याला ‘पीळ’ आणि ‘पेळू’ हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत. ज्याने टकळी पाहिलेली नाही, त्या शहरी मुलाला मात्र तेच दोन छोटे शब्द अडवतील. शब्दाची काठिण्यपातळी केवळ शब्दात नसते. ती शब्द आणि वाचक यांच्या नात्यात असते.

२. मराठीत अवघड काय असते?

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने सेवाग्रामजवळच्या एका प्राथमिक शाळेतील दुसरीच्या मुलांसाठी एक छोटी गोष्ट लिहिली. गोष्टीत मीना नावाची मुलगी टकळीवर सूत कातते आणि तिचे सूत सारखे तुटते. शब्दसंख्या मोजून ठेवली होती, वाक्ये फार लांब नव्हती, विषय मुलांच्या ओळखीचा होता. तरीही पहिल्याच वाक्याला मुले थबकली. ते वाक्य असे होते :

“कापसाच्या पेळूतून निघालेले सूत पुन्हा पुन्हा तुटत असल्यामुळे मीना कंटाळली होती.”

अकरा शब्दांचे हे वाक्य प्रौढ वाचकाला सोपे वाटते. मग मुलांना ते का अडले? त्याची उकल केली, तर मराठी वाचनातील अडचणींचे चार प्रकार हाती लागतात.

२.१ लिपी. या वाक्यात च्या, न्हा, न्हा आणि ल्या अशी चार जोडाक्षरे आहेत. नवशिक्या वाचकाला प्रत्येक जोडाक्षर ही एक वेगळी आकृती वाटते. ‘पक्का’मधला अर्धा क निदान दिसतो, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांत मूळ अक्षरे ओळखूच येत नाहीत. र हे अक्षर तर ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘ट्रक’ आणि ‘दुसऱ्या’ या चार शब्दांत चार रूपे घेते. म्हणून ‘जोडाक्षरे टाळा’ हा नियम पुरेसा नाही. अर्धे अक्षर दिसते ती जोडाक्षरे आधी आणि आकार बदलणारी नंतर, असा क्रम लेखकाच्या मनात असावा.

लिपीची दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘टकळी’ हा शब्द आपण लिहितो तीन अक्षरांत, पण उच्चारतो ‘टक्‌ळी’ असा. मधल्या क मधील अ बोलण्यात लोपतो. अक्षर अक्षर लावून वाचणारे मूल ट-क-ळी असे म्हणते आणि आपण उच्चारलेला शब्द आपल्याच ओळखीचा आहे, हे त्याला क्षणभर कळत नाही. तसेच ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च लिहिण्यात एकच, उच्चारात दोन. असे शब्द टाळता येणार नाहीत. ते त्याच गोष्टीत चार-पाच वेळा आले, तर मूल दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते पूर्ण शब्द म्हणून ओळखू लागते. आरंभीच्या कथेत पुनरावृत्तीचे महत्त्व आहे ते यासाठी.

२.२ शब्दरूप. मुलाला ‘कापूस’ वाचता येतो. गोष्टीत मात्र ‘कापसाच्या’ आले आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते आणि अनेकदा मूळ शब्दाचा चेहराच बदलतो : पाऊस – पावसात, सूत – सुताचा, माणूस – माणसाने, देऊळ – देवळात. बोलताना हे बदल चार वर्षांचे मूलही सहज करते. वाचताना मात्र छापील ‘पावसात’मध्ये ‘पाऊस’ दिसत नाही. त्यावर प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये एकापुढे एक जोडली जातात, ती वेगळीच. ‘घरासमोरच्यांनीही’ हा मोजायला एकच शब्द आहे. वाचायला ती आठ अक्षरांची साखळी आहे.

म्हणूनच केवळ शब्दसंख्येवर विसंबून चालत नाही. ‘प्रथम बुक्स’ या संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या कथासंग्रहात पुस्तकांचे चार स्तर केलेले आहेत. पहिल्या स्तरावर सुमारे २५० शब्दांपर्यंत, दुसऱ्यावर ६०० पर्यंत, तिसऱ्यावर १५०० पर्यंत आणि चौथ्यावर त्याहून अधिक, अशी त्यांची स्थूल मर्यादा आहे. हे स्तर अनेक भाषांना मिळून लावलेले असल्याने दिशादर्शक म्हणून उपयुक्त आहेत. परंतु इंग्रजीत तीन-चार सुट्या शब्दांत सांगितलेली गोष्ट मराठीत ‘झाडावरच्या’ अशा एकाच शब्दात मावते. सारख्याच शब्दसंख्येत मराठी मजकूर अधिक भार वाहत असतो, याचे भान लेखकाने ठेवावे.

२.३ वाक्यरचना. आपल्या वाक्यात कंटाळली कोण, हे नवव्या शब्दाला कळते. तोवर आठ शब्द मुलाने मनात धरून ठेवायचे आहेत. अडखळत वाचणाऱ्याची सारी शक्ती अक्षरे लावण्यात खर्च होते. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ निसटलेला असतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने हा ताण मुळातच असतो. त्यात ‘निघालेले’सारखी विशेषणवजा धातुसाधिते आणि ‘असल्यामुळे’सारखी आधी येणारी कारणे मिसळली, की तो दुप्पट होतो.

तेच वाक्य आता असे लिहून पाहू :

“मीना सूत कातते. सूत तुटते. मीना सूत जोडते. सूत परत तुटते.”

येथेही शब्द अकराच आहेत. परंतु जोडाक्षर एकही नाही, सामान्यरूप नाही, सर्वांत मोठा शब्द तीन अक्षरांचा आहे आणि प्रत्येक वाक्यात कर्ता पहिला आहे. ‘कंटाळली’ हा शब्द गेला. मात्र मीनाचा कंटाळा गेला नाही. तो ‘परत’ या शब्दात आणि चित्रातील तिच्या चेहऱ्यावर आला. सोपे करणे म्हणजे अर्थ काढून टाकणे नव्हे, तो वाहण्याचे काम दुसऱ्या कशाकडे तरी सोपवणे होय.

२.४ बोली. वर्धा जिल्ह्यातील मूल शेताला ‘वावर’ म्हणते, बैलगाडीला ‘बंडी’ आणि कोथिंबिरीला ‘सांबार’. पुस्तकातले ‘शेत’ त्याला कळते. पण ते त्याच्या घरचे नसते. बालकथेत बोलीला किती जागा द्यावी? याविषयी एक व्यवहार्य क्रम सुचवता येईल. आरंभीच्या वयात बोलीतील शब्द घ्यावेत, परंतु लेखन पाठ्यपुस्तकाच्या वळणाचे ठेवावे. ‘वावर’ आणि ‘बंडी’ हे वाचायला सोपेच आहेत. मात्र ‘डोळा’ कधी तसा आणि कधी ‘डोया’ असा छापला, तर अक्षरओळख पक्की नसलेल्या मुलाला एकाच शब्दाच्या दोन आकृत्या सांभाळाव्या लागतात. उच्चारानुसारी बोलीलेखन पुढच्या वयोगटातील संवादांसाठी राखून ठेवावे. ‘तुटले’ लिहावे की ‘तुटलं’, हा प्रश्नही याच जातीचा आहे. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या बालपुस्तकाच्या शीर्षकातच बोलण्यातले रूप आहे. दोन्ही रूपे चालतील; एका कथेच्या निवेदनात मात्र एकच असावे.

३. एकच प्रसंग, तीन वयोगट

आता मीनाचा प्रसंग तीन वयोगटांसाठी लिहून पाहू. त्याआधी सूत का तुटते, हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे. सरकी काढून पिंजलेल्या कापसाचा पेळू करतात. टकळी फिरते तेव्हा पेळूतून ओढल्या जाणाऱ्या तंतूंना पीळ बसतो आणि त्या पिळामुळेच ते एकमेकांना धरून राहतात. हात घाईने ओढला, तर पुरेसा पीळ बसण्यापूर्वीच तंतू एकमेकांवरून घसरतात आणि धागा सुटतो. पीळ अती झाला, तर धाग्याला वेटोळी पडतात. पेळू जाडाभरडा असला, तरी बारीक जागी सूत तुटते. या तिन्ही कारणांतून आपण ‘घाईने ओढणे’ हे एकच कारण निवडू. ते मुलाला दिसू शकते आणि स्वतः सुधारताही येते.

३.१ पाच ते सात वर्षे. या वयाच्या मुलाला एक पात्र, एक जागा आणि पुन्हा पुन्हा घडणारी एक गोष्ट हवी असते. पुढे काय होणार हे आधीच ओळखण्यात त्याला आनंद वाटतो आणि शेवटी ते किंचित चुकले, तर अधिकच.

मीना सूत कातते.
टकळी गरगर फिरते.
सूत वाढते.
सूत तुटते!
मीना सूत जोडते.
टकळी गरगर फिरते.
सूत वाढते, वाढते.
सूत परत तुटते!
राजू येतो. राजू बघतो.
“मीना, हळू ओढ.”
मीना हळू ओढते.
टकळी गरगर फिरते.
सूत वाढते, वाढते, वाढते.
सूत तुटत नाही!
मीना हसते.

ही कथा ४४ शब्दांची आहे आणि तिच्यात वेगवेगळे शब्द १९ आहेत. ‘टकळी गरगर फिरते’ हे वाक्य तीनदा येते, ते भरती म्हणून नव्हे. पहिल्यांदा मूल ते वाचते, दुसऱ्यांदा ओळखते आणि तिसऱ्यांदा पाठ म्हणते. ‘वाढते’ हा शब्द प्रत्येक वेळी एकेकाने वाढतो. सुताची लांबी ओळीच्या लांबीतही दिसते. प्रत्येक ओळ म्हणजे एक पूर्ण वाक्य किंवा दोन छोटी वाक्ये आहेत. वाक्य मध्येच मोडून पुढच्या ओळीवर नेऊ नये, कारण या वयाचे मूल ओळीच्या शेवटी थांबते.

३.२ आठ ते दहा वर्षे. आता मुलाला कारण हवे असते. स्पर्धा, मैत्री, ‘हे बरोबर नाही’ अशी तक्रार आणि एखादे कोडे त्याला गुंतवते. केवळ ‘हळू ओढ’ हे उत्तर त्याला पुरत नाही. उत्तर सापडण्याची वाट त्याला चालायची असते.

“मीनाचं सूत तिसऱ्यांदा तुटलं. राजूची टकळी मात्र भिंगरीसारखी फिरत होती. ‘तुझी टकळी चांगली आहे, म्हणून तुझं सूत तुटत नाही,’ मीना म्हणाली. ‘मग घे माझी,’ राजू म्हणाला. दोघांनी टकळ्या बदलल्या. थोड्याच वेळात मीनाचं सूत पुन्हा तुटलं. राजूचं मात्र तुटलं नाही. ‘काहून तुटून राहिलं हे?’ मीना रडवेली झाली. आता राजू टकळीकडे बघत नव्हता. तो मीनाच्या हाताकडे बघत होता.”

टकळ्यांची अदलाबदल हा या परिच्छेदाचा कणा आहे. त्यातून मूल स्वतःच ताडते, की दोष टकळीचा नाही. लेखकाने ते सांगितलेले नाही. येथे जोडाक्षरे मोकळेपणाने आली आहेत. वाक्ये तीन ते अकरा शब्दांची आहेत. ‘म्हणून’सारखे उभयान्वयी अव्यय कारण आणि परिणाम जोडते आणि कारण आधी, परिणाम नंतर असा घडण्याचाच क्रम वाक्यात ठेवला आहे. ‘काहून तुटून राहिलं’ ही विदर्भातील बोलण्याची ढब फक्त संवादात आहे. पूर्ण कथा ५०० ते ६०० शब्दांपर्यंत जाऊ शकते, परंतु कोडे एकच असावे.

३.३ अकरा ते तेरा वर्षे. या वयात ‘काय झाले’ यापेक्षा ‘आता मी काय करावे’ हा प्रश्न मोठा होतो. चांगला आणि वाईट अशी सरळ विभागणी मुलांना पटेनाशी होते. सूत तुटण्याची गोष्ट आता पार्श्वभूमीला जाते आणि दोघांमधला पेच पुढे येतो.

“लडीखाली आपले नाव पाहताच मीनाला आधी आनंदच झाला. मग तिच्या लक्षात आले, की तिने बांधलेली लाल गाठ त्या लडीला नव्हती. म्हणजे हे सूत राजूचे होते. नावे लावताना बाईंचा घोटाळा झाला होता. सांगायला तिने तोंड उघडलेही. पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेपर्यंत सांगण्याची वेळ निघून गेली होती.”

येथे गौण वाक्ये आहेत आणि पात्राच्या मनात शिरणारे निवेदन आहे. मीना खोटे बोललेली नाही. ती फक्त वेळेवर बोलली नाही. तेरा वर्षांच्या वाचकाला हा फरक कळतो आणि टोचतोही. सेवाग्रामसारख्या स्थळाशी जोडलेली कथा लिहिताना येथेच मोह होतो : शेवटी एखाद्या वडीलधाऱ्याच्या तोंडी सत्याविषयीचे दोन शब्द घालावेत असे वाटते. ते घातले, की वाचकाने करायचा निवाडा लेखकच करून टाकतो. मीना सांगते की नाही, हे कथेने दाखवावे. त्याचा अर्थ सांगू नये.

४. वय बाराचे, वाचन सातचे

आतापर्यंत आपण वय आणि वाचनपातळी हातात हात घालून चालतात असे धरले. वर्गातील चित्र तसे नसते. ‘असर’ हे ग्रामीण शिक्षणाचे सर्वेक्षण २००५ पासून मुलांची वाचनक्षमता अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांनी तपासत आले आहे. पाचवीतील बरीच मुले दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकत नाहीत, असे त्यात वारंवार आढळले आहे.

अशा एका बारा वर्षांच्या मुलाच्या हाती प्रस्तुत लेखकाने वरची पहिली कथा दिली होती. ती त्याला वाचता आली असती. पण पहिल्या दोन ओळी पाहून त्याने पुस्तक मिटले आणि म्हटले, “हे लहान पोरांचं आहे.” त्याचे म्हणणे बरोबर होते. त्याच्या वाचनाला सात वर्षांच्या मुलाची भाषा हवी होती. त्याच्या मनाला मात्र बारा वर्षांच्या मुलाचा विषय. आपण दोन्ही सातचेच दिले. अशा मुलाला समोरच्या पानाने लाजवले, की तो वाचन टाळू लागतो; आणि टाळल्यामुळे अंतर आणखी वाढते.

यावर उपाय असा : आशय तिसऱ्या वयोगटाचा घ्यावा आणि भाषा पहिल्याच्या जवळची.

“भिंतीवर सुताची लडी होती. खाली नाव होते : मीना. सूत मीनाचे नव्हते. सूत राजूचे होते. मीनाला ते माहीत होते. राजूलाही माहीत होते. बाई हसत होत्या. सगळे टाळी वाजवत होते. मीना खाली बघत होती. राजू मीनाकडे बघत होता. कुणी काही बोलले नाही.”

कोणतेही वाक्य चार शब्दांपेक्षा मोठे नाही. जोडाक्षरे दोनच आहेत, ‘नव्हते’ आणि ‘होत्या’. आणि हे शब्द इतके वारंवार भेटतात, की मूल ते आकृतीनेच ओळखते. ‘सुताची’ हे सामान्यरूप आले आहे, परंतु पुढे लगेच ‘सूत’ दोनदा येते. तरीही पेच तोच राहिला आहे. किंबहुना तुटक वाक्यांमुळे वर्गातली शांतता अधिकच जाणवते. अशा पुस्तकात चित्रे आणि मांडणीही मोठ्या मुलांच्या पुस्तकासारखी असावीत. ढोबळ टंक, गोल गालांची चित्रे आणि मुखपृष्ठावर छापलेली इयत्ता, यांपैकी कशानेही हे पुस्तक ‘लहान पोरांचे’ ठरू शकते.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात घ्यावी. भूतकाळातील दीर्घ स्मरण, गुंतागुंतीचे कारण किंवा उपरोध हे तुटक वाक्यांत नीट पेलत नाही. म्हणून अशा कथेसाठी डोळ्यांना दिसणारा, एका वेळी एका ठिकाणी घडणारा पेच निवडावा.

५. मसुद्याची चाचणी

कथा योग्य पातळीची झाली की नाही, हे लेखकाच्या टेबलावर ठरत नाही. त्यासाठी ज्या गटाकरिता लिहिले त्या गटातील चार-पाच मुलांकडून, एकेकट्याने, सुमारे १०० शब्दांचा भाग मोठ्याने वाचून घ्यावा. आपल्याकडील प्रतीवर अडलेल्या शब्दांखाली रेघ मारावी. मुलाने चूक करून स्वतःच सुधारली, तर ती मोजू नये. शंभरात पाचांपर्यंत शब्द अडले, तर थोड्या मदतीने मूल ती कथा वाचू शकते. दहांहून अधिक अडले, तर ती त्याच्यासाठी फार अवघड आहे. हा मूळ ठोकताळा इंग्रजी वाचनाच्या अभ्यासातून आलेला आहे. मराठीत एकेक शब्द मोठा असल्याने तो थोडा सैल हातानेच वापरावा.

चुका मोजताना बोलीचे भान हवे. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाने छापील ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हटले, तर ती वाचनाची चूक नव्हे. उलट, त्याने अक्षरे लावून शब्द ओळखला आणि आपल्या भाषेत म्हटला, याचाच तो पुरावा आहे.

त्यानंतर सर्व प्रती शेजारी ठेवाव्यात. एकाच शब्दाखाली सगळ्या प्रतींत रेघ असेल, तर शब्द बदलावा. रेघा वाक्याच्या शेवटाकडे दाटल्या असतील, तर बहुधा शब्द ठीक आहेत आणि वाक्य लांब आहे. रेघा प्रत्येक प्रतीत वेगळ्या ठिकाणी असतील, तर अडचण मजकुराची नसून त्या त्या मुलाची आहे.

आवड तपासण्याची रीत याहून साधी आहे. “गोष्ट आवडली का?” असे विचारू नये, समोर बसलेल्या गुरुजींना मुले ‘हो’च म्हणतात. वाचन निम्म्यावर थांबवावे आणि “पुढे काय होईल?” असे विचारावे. ज्याला पात्राची काळजी लागली आहे, तो अंदाज सांगतो. ज्याला ती लागली नाही, तो गप्प राहतो किंवा खिडकीबाहेर पाहतो. अक्षरे न अडखळता वाचून मूल गप्प राहिले, तर पातळी साधली आहे आणि आवड चुकली आहे. अडखळत वाचूनही ते अंदाज सांगत असेल, तर आशय राखून भाषा सोपी करावी. दुरुस्ती कोणत्या बाजूने करायची, हे या दोन चाचण्या एकत्र पाहिल्यावरच कळते.

सारांश

मराठी मजकुराची काठिण्यपातळी लिपी, शब्दरूप, वाक्यरचना आणि बोली या चार ठिकाणी शोधावी लागते. शब्दसंख्या हे तिचे अपुरे माप आहे. वयोगट बदलला, की केवळ वाक्यांची लांबी नव्हे, तर प्रसंगातील प्रश्नच बदलतो : लहानांसाठी ‘परत काय होणार’, मधल्या वयात ‘का होते’ आणि मोठ्यांसाठी ‘मी काय करावे’. वय आणि वाचनपातळी यांत अंतर असेल, तेव्हा आशय वयाचा आणि भाषा पातळीची घ्यावी.

आपली प्रगती तपासा

१. ‘पाऊस’ वाचू शकणारे मूल ‘पावसात’ या शब्दाशी का अडते?
२. समान शब्दसंख्येची दोन वाक्ये वेगवेगळ्या काठिण्याची कशी असू शकतात? उदाहरण द्या.
३. मुलाने ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ वाचल्यास ती चूक का मानू नये?

स्वाध्याय

आपल्या गावात मुले प्रत्यक्ष करतात असे एक काम निवडा : कापसाची वेचणी, विहिरीवरून पाणी आणणे किंवा बाजारात आईबरोबर बसणे. त्यात काय बिघडू शकते आणि का बिघडते, हे आधी जाणत्या माणसाला विचारून घ्या. मग त्याच बिघाडावर सुमारे ५० शब्दांची पहिल्या वयोगटासाठी, ५०० शब्दांची दुसऱ्यासाठी आणि चार शब्दांपर्यंतच्या वाक्यांत बारा वर्षांच्या मुलासाठी अशा तीन कथा लिहा. प्रत्येक कथा किमान चार मुलांकडून वाचून घ्या आणि रेघा मारलेल्या प्रती स्वाध्यायाला जोडा.